ओळ सापडली पाहिजे: स्वच्छ केलेल्या ट्रान्सक्रिप्टला टाइमकोड लावताना

चुडावा हे पूर्णा तालुक्यातलं, पूर्णा ते नांदेड लोहमार्गावरचं गाव. उदाहरणासाठी असं धरू, की तिथल्या एका घराच्या ओसरीवर एका आजींची मुलाखत चित्रित केली आहे. विषय बहात्तरचा दुष्काळ. कॅमेरा एक, आवाजासाठी रेकॉर्डर वेगळा. मुलाखत साधारण चाळीस मिनिटांची. मधे मालगाडी आली म्हणून कॅमेरामनने कॅमेरा बंद केला, रेकॉर्डर मात्र चालूच राहिला. घरी आल्यावर रेकॉर्डरचा आवाज ऐकून कुणीतरी सगळं उतरवून काढलं, दुसऱ्याने ते वाचनीय केलं. आता ती दहाबारा पानं एडिटरच्या हाती आहेत. त्याने एका वाक्याखाली रेघ मारली आहे आणि विचारतोय, ‘हे कुठंय?’

आजी प्रत्यक्षात असं बोलल्या होत्या: ‘त्या सालाला, बहात्तर का काय ते, पाणी न्हाई, पाणीच न्हाई बगा कुठं, मंग आमी, हां, खडी फोडाया जायचो.’ स्वच्छ प्रतीत आहे: ‘बहात्तरला पाणीच नव्हतं. आम्ही खडी फोडायला जायचो.’ वाचायला दुसरं बरं, यात वाद नाही. पण एडिटर हेडफोन लावून ‘बहात्तरला पाणीच नव्हतं’ शोधत बसला तर दिवसभर बसेल, कारण तसं वाक्य फुटेजमध्ये कुणी बोललेलंच नाही. मजकूर जितका साफ, तितका तो आवाजापासून लांब जातो. म्हणून स्वच्छ केलेल्या प्रतीला प्रत्येक ओळीचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता म्हणजे टाइमकोड.

टाइमकोडमध्ये तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम असे चार आकडे असतात. आपल्याकडे टीव्हीसाठीचं काम सहसा सेकंदाला २५ फ्रेमने होतं, म्हणजे शेवटचा आकडा 00 पासून 24 पर्यंत जातो आणि मग सेकंद पुढे सरकतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा आकडा दोन तऱ्हांनी चालवता येतो. एक म्हणजे घड्याळासारखा, कॅमेरा बंद असतानाही पुढे जाणारा. दुसऱ्या तऱ्हेत तो फक्त रेकॉर्डिंग चालू असताना मोजतो आणि पुढची क्लिप जिथे आधीची संपली तिथूनच सुरू होते. या दुसऱ्या तऱ्हेत पहिल्या कार्डाला एक तासापासून, दुसऱ्याला दोन तासांपासून सुरुवात करून द्यायची जुनी सवय आहे. कोड पाहताच कार्ड कळतं. आपल्या उदाहरणात हीच पद्धत धरू. C0001 ही पहिली क्लिप 01:00:00:00 ला सुरू होते.

अडचण अशी, की ट्रान्सक्रिप्ट रेकॉर्डरवरून झालं आहे आणि रेकॉर्डरची वेळ शून्यापासून मोजलेली आहे. तिथे खडी फोडण्याची ओळ 0:06:18 ला येते. ही वेळ एडिटरच्या काही कामाची नाही. तिला कॅमेऱ्याच्या कोडात आणायला दोन्हीकडे एकच क्षण सापडावा लागतो, आणि त्यासाठीच सुरुवातीला टाळी वाजवतात. रेकॉर्डरवर टाळी 0:01:10 ला ऐकू येते. चित्रात हात मिळतात तिथे कोड आहे 01:00:23:00. वजाबाकी करा: ५९ मिनिटं १३ सेकंद. रेकॉर्डरच्या कुठल्याही वेळेत एवढे मिळवले की कॅमेऱ्याचा कोड मिळतो. 0:06:18 मध्ये मिळवले की येतं 01:05:31:00. तिथे क्लिप उघडून पाहायचं. आजींचं ‘त्या सालाला’ बरोबर तिथे सुरू होत असेल तर गणित जमलं.

एक ओळ जमली म्हणून सगळ्या जमल्या असं मात्र नाही. मालगाडीच्या वेळी पहिली क्लिप 01:22:40:00 ला संपली. रेकॉर्डरवर तो क्षण 0:23:27 आहे. कॅमेरा पुन्हा सुरू झाला तेव्हा रेकॉर्डर 0:25:17 वर पोहोचला होता. मधली एक मिनिट पन्नास सेकंदं कॅमेऱ्याने मोजलीच नाहीत. C0002 चा कोड पुन्हा 01:22:40:00 पासूनच पुढे निघाला. त्यामुळे दुसऱ्या क्लिपसाठी मिळवायचा आकडा ५९:१३ नाही, ५७:२३ आहे. सुकडीबद्दलची ओळ रेकॉर्डरवर 0:31:05 ला आहे, म्हणजे तिचा खरा पत्ता 01:28:28:00. जुनाच आकडा चालवला असता तर 01:30:18:00 आला असता आणि एडिटर तिथे जाऊन भलतंच काहीतरी ऐकत बसला असता.

कॅमेरा पुन्हा सुरू करताना बहुतेक वेळा कुणी टाळी वाजवत नाही. मग दोन्हीकडे ऐकू येणारा एखादा टोकदार आवाज पकडायचा: स्टीलचा पेला ठेवल्याचा, कडी वाजल्याचा, नाहीतर ‘ट’, ‘क’ असल्या अक्षराने सुरू होणारा शब्द. ‘अ’ने किंवा ‘ह’ने सुरू होणाऱ्या शब्दावर हे काम करू नये, त्याची सुरुवात नेमकी कुठे हे कानाला ठरवता येत नाही. (कोड घड्याळासारखा चालवला असता तर ही भानगडच झाली नसती, कारण मग दोन्ही यंत्रं गाडी जाईपर्यंत सारखीच पुढे गेली असती. वेगळा रेकॉर्डर वापरणाऱ्यांनी मला विचाराल तर तीच पद्धत धरावी.)

चूक ओळखायची कशी? प्रत्येक क्लिपमधल्या तीन ओळी तपासायच्या: सुरुवातीची, मधली आणि शेवटची. तिन्हीकडे सारखाच फरक येत असेल तर मिळवायचा आकडा चुकला आहे. एकदा दुरुस्त केला की सगळ्या ओळी जागेवर येतात. एखाद्या ठिकाणाहून फरक एकदम उडी मारत असेल तर तिथे कॅमेरा थांबला होता आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही. आणि फरक हळूहळू वाढत जात असेल तर गडबड फ्रेमच्या वेगात आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत NTSC निवडलेलं राहिलं तर तो ३० नाही, २९.९७ फ्रेम घेतो. फ्रेम न गाळणारा कोड असेल तर खरी चाळीस मिनिटं झाली तरी कोडाची चाळीस मिनिटं व्हायला २.४ सेकंद कमी पडतात. सुरुवातीची ओळ चोख बसते, शेवटची अडीच सेकंदं पुढे दाखवते. अशा वेळी सरळ बेरीज चालत नाही, दर तासाला ३.६ सेकंद कमी करत जावं लागतं.

आता स्वच्छ करणाऱ्याच्या करामती. आजींनी सुकडीची गोष्ट दोनदा सांगितली: एकदा ती कशी मिळायची हे, आणि साडेसात मिनिटांनी, लाल मिलोच्या ज्वारीवर बोलता बोलता, पोरं तिची वाट कशी पाहायची हे. स्वच्छ प्रतीत दोन्ही एका वाक्यात आलं: ‘कामावर सुकडी मिळायची आणि पोरं घरी तिची वाट पाहत बसायची.’ या एका ओळीला दोन पत्ते द्यावेच लागतात. एकच दिला तर एडिटरला अर्धं वाक्य मिळतं आणि उरलेलं कापलं गेलं असावं असं तो धरून चालतो. म्हणून ओळ दुभंगायची, प्रत्येक तुकड्याला त्याचा कोड द्यायचा आणि जोड कुठे आहे हे दाखवायचं:

```
क्लिप,रेकॉर्डर,सुरू,शेवट,मजकूर
C0001,0:06:18,01:05:31:00,01:05:49:00,"बहात्तरला पाणीच नव्हतं. आम्ही खडी फोडायला जायचो."
C0002,0:31:05,01:28:28:00,01:28:41:00,"कामावर सुकडी मिळायची //"
C0002,0:38:40,01:36:03:00,01:36:10:00,"// आणि पोरं घरी तिची वाट पाहत बसायची."
```

रेकॉर्डरची वेळ हा रकाना काढून टाकायचा मोह होतो. तो काढू नये. उद्या मिळवायचा आकडा चुकीचा निघाला तर या रकान्यावरून सगळे कोड पुन्हा काढता येतात. तो नसेल तर सगळं पुन्हा ऐकायची वेळ येते. सेकंद नेहमी खाली उतरवावेत, वर नाही. ओळ सुरू होण्याच्या जरा आधी पोहोचलेला एडिटर खूश असतो. पहिला शब्द निघून गेल्यावर पोहोचलेला वैतागतो. फ्रेमपर्यंत अचूकता सबटायटलला लागते. ओळ शोधायला सेकंद पुरतो, तिथे फ्रेमच्या जागी 00 लिहून पुढे जावं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: मजकूर देवनागरीत ठेवा, पण कोडाचे आकडे रोमनच हवेत. एडिटर DaVinci Resolve मध्ये 01053100 असा आकडा टाइप करून थेट त्या जागी जातो. ‘०१:०५’ उचलून तिथे टाकता येत नाही, सगळे आकडे हाताने पुन्हा टाइप करावे लागतात, आणि चुका तिथेच होतात. स्प्रेडशीटमध्ये वेळेचे रकाने आधीच मजकूर म्हणून ठरवा, नाहीतर ते पुढचं शून्य गिळतं किंवा 0:06:18 ला घड्याळातली वेळ समजतं.

सगळं बरोबर असूनही एडिटर ‘तुमचा कोड एक तास पुढे आहे’ म्हणाला, तर घाबरू नये. Premiere Pro मध्ये मीडियाच्या सेटिंगमध्ये टाइमकोडसाठी Use Media Source निवडलेलं आहे का, ते त्याला पाहायला सांगा. तिथे Start at 00:00:00:00 असेल तर प्रत्येक क्लिप त्याच्या पडद्यावर शून्यापासून सुरू होते. VLC सारखा साधा प्लेअरही तसंच करतो. त्यात दिसणारी ५:३१ ही वेळ C0001 च्या आतली वेळ आहे, टाइमकोड नव्हे.

आवाजाच्या संग्रहात हे काम मराठीने मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगाव जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांच्या साठ्यात, बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ओवीपुढे फितीचा क्रमांक आणि ती फितीत कुठे सुरू होते ती वेळ लिहिलेली आढळते. ओवीचा पत्ता तिथेही या दोनच गोष्टींचा: फितीचा क्रमांक आणि सुरुवातीची वेळ.

कॅमेरामन मंडळींना एकच विनंती. कार्ड देताना सोबत एक चिठ्ठी द्या: फ्रेमचा वेग किती, कोड घड्याळासारखा की थांबणारा, कॅमेरा कुठेकुठे बंद केला. आणि पुन्हा सुरू करताना, आजी काय म्हणतील याची लाज न बाळगता, एक टाळी वाजवा.