कुर्ता सेट आणि जोडीचे दागिने

कुर्ता सेटमध्ये सर्वाधिक नक्षी बहुधा ओढणीवर किंवा गळ्यावर असते, म्हणून निवड तिथून सुरू होते. गडद निळ्या सुती कुर्त्यावर सोनेरी जरीकाठाची ओढणी असेल, तर काठाचा सोनेरी रंग कानातल्यांत घ्यावा. गळ्यावर भरतकाम असल्यास लांब झुमके त्याच्याशी भांडतात आणि ओढणीच्या धाग्यात अडकतात ते वेगळेच. तिथे छोट्या कुड्या पुरतात. कोल्हापुरी चपलेचा तपकिरी रंग या निळ्यावर खुलतो. पर्स चपलेच्या रंगाच्या जवळपास, पण साधी असावी. कानातले, पर्स, चप्पल तिन्ही निळ्याच घेतल्या की गणवेश वाटतो. आरशात नजर आधी कानांवर गेली, तर कानातले जड झाले.