विश्लेषण : दावा चुकीच्या न्यायालयात, हरकत उशिरा; मग निकालाचे काय होते?

चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यातील लघुउद्योजकांचे दिवाणी वाद बहुधा तीन गोष्टींभोवती फिरतात : थकलेले बिल, जमिनीचा व्यवहार आणि कामगारांशी झालेला करार. तिन्हींत पहिला प्रश्न एकच असतो. दावा कोणत्या न्यायालयात लावायचा? उत्तर चुकले की बऱ्याचदा कोणाच्या लक्षात येत नाही. पाच-सहा वर्षांनी साक्षीपुरावा संपत आल्यावर प्रतिवादीचा वकील उभा राहतो आणि ‘या न्यायालयाला अधिकारच नाही’ असे म्हणतो. तोवर झालेले सगळे काम वाया जाते का, हे चूक कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते.

न्यायालयाचा अधिकार कशावर ठरतो?

एक उदाहरण घेऊ. भोसरीतील एका प्रेस शॉपने चाकण एमआयडीसीतील कारखान्याला सुटे भाग पुरवले. ४ लाख २० हजार रुपयांचे बिल थकले. माल चाकणला उतरला, पैसे भोसरीत मिळायचे होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी जिथे व्यवसाय करतो तिथे किंवा वादाचे कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडले तिथे दावा लावता येतो. त्यामुळे खेड-राजगुरुनगर आणि पिंपरी असे दोन्ही पर्याय खुले आहेत. इथे अनेकांची गफलत होते. २०१८ पासून चाकण पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखाली आहे, म्हणून दिवाणी कामही पिंपरीचेच असे गृहीत धरले जाते. पोलिसांची हद्द आणि दिवाणी न्यायालयाची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकण खेड तालुक्यात आहे.

खरी अडचण बहुधा खरेदी आदेशाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते : ‘सर्व वाद केवळ मुंबईच्या न्यायालयांच्या अधीन’. दोन ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असेल तर करार करून त्यातले एक निवडता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये गॅमन कंपनीच्या खटल्यात मान्य केले. पण ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही, त्याला करार करून तो देता येत नाही. १९९१ च्या पटेल रोडवेज खटल्यात वाहतूक कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत होते आणि पावतीवर मुंबईचीच अट होती. व्यवहार मात्र दुसऱ्या शहरातील शाखेत झाला होता. वादाचे कारण जिथे घडले तिथे कंपनीचे कार्यालय असेल तर दावा तिथेच लावायचा, केवळ मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून मुंबईला अधिकार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणजे ऑर्डर, माल, तपासणी, पैसे हे सगळे चाकण-भोसरीतच झाले असेल तर ती मुंबईची ओळ टिकणार नाही. खरेदी आदेशच मुंबई कार्यालयातून निघाला आणि तिथेच करार पक्का झाला असेल तर चित्र पालटते.

आता रक्कम. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे ५ लाखांपर्यंतचे दावे चालतात, त्यावरचे वरिष्ठ स्तराकडे जातात. त्या हिशेबाने ४ लाख २० हजारांचा दावा कनिष्ठ स्तराकडे जायला हवा. नेमकी इथेच चूक होते. व्यापाऱ्यांमधील मालाच्या पुरवठ्याचा वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर तो ‘व्यापारी वाद’ ठरतो आणि जिल्ह्यासाठी नेमलेल्या व्यापारी न्यायालयातच लावावा लागतो. त्याआधी, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर, मध्यस्थीची पायरी पार करावी लागते. ती टाळून दाखल केलेले वादपत्र फेटाळलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन खटल्यात स्पष्ट केले. गाव बरोबर, रक्कमही मर्यादेत, तरी न्यायालय चुकीचे असू शकते ते असे.

रकमेची आणि हद्दीची हरकत कधी संपते?

संहितेच्या कलम २१ चे सांगणे सरळ आहे. ठिकाणाबद्दलची किंवा रकमेबद्दलची हरकत पहिल्याच न्यायालयात, शक्य तितक्या लवकर आणि वादमुद्दे निघण्याच्या आत घेतली पाहिजे. ती तशी घेतली नसेल तर अपिलात ऐकली जाणार नाही. वेळेत घेतली होती आणि खालच्या न्यायालयाने चुकीने नाकारली, तरीही अपिलात तेवढ्याने भागत नाही. त्या चुकीमुळे प्रत्यक्ष अन्याय झाला हेही दाखवावे लागते. रकमेचा उल्लेख या कलमात १९७६ च्या दुरुस्तीने आला. त्याआधी तोच विचार १८८७ च्या दावा मूल्यांकन कायद्याच्या कलम ११ मध्ये होता.

त्या कलमाचा अर्थ १९५४ च्या किरण सिंग खटल्यात ठरला. बिहारमधील जमिनीचा हा दावा वादींनी स्वतःच २,९५० रुपयांचा दाखवला होता. ते हरले. जिल्हा न्यायालयात अपील केले, तिथेही हरले. उच्च न्यायालयात दुसरे अपील नेल्यावर कोर्ट फीच्या तपासणीत मूल्य कमी दाखवल्याचे निघाले आणि ते ९,९८० रुपये ठरले. तेव्हा वादींनीच पवित्रा बदलला : एवढ्या रकमेचे पहिले अपील थेट उच्च न्यायालयात जायला हवे होते, म्हणून जिल्हा न्यायालयाचा निकाल रद्दबातल! सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. अपील दुसऱ्या न्यायालयाने ऐकले एवढ्याने नुकसान झाले असे होत नाही, चुकीच्या मूल्यांकनामुळे निकालाच्या गुणवत्तेवरच परिणाम झाला हे दाखवले पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. वादींना ते दाखवता आले नाही.

यामागचे कारण व्यवहारी आहे. हद्द आणि रक्कम हे नियम पक्षकारांच्या सोयीसाठी आणि न्यायालयांतील कामाच्या वाटणीसाठी असतात. राजगुरुनगरच्या न्यायाधीशाला मालाच्या बिलाचा निवाडा करता येत नाही असे नाही. ते काम त्याच्या वाट्याचे नव्हते इतकेच. ज्याची सोय आहे त्याने ती वेळेत मागितली नाही तर ती सोडली असे धरतात. नाहीतर प्रत्येक प्रतिवादी ही हरकत खिशात ठेवून बसेल आणि निकाल विरुद्ध गेला की बाहेर काढेल.

जमिनीच्या दाव्यात मात्र सावध

चाकण परिसरात जमिनीला भाव आल्यापासून साठेखतांचे दावे वाढणे स्वाभाविक होते. स्थावर मालमत्तेचा दावा, कलम १६ प्रमाणे, ती मालमत्ता जिथे आहे त्याच न्यायालयात लावायचा. खरेदीदार आणि विक्रेता दोघेही चिंचवडला राहतात, साठेखतही तिथेच झाले, तरी खेड तालुक्यातील प्लॉटचा ताबा मागायचा तर दावा खेडच्या न्यायालयातच हवा.

ही चूक किती महाग पडते ते २००५ च्या हर्षद मोदी विरुद्ध डीएलएफ निकालात दिसते. प्लॉट गुडगावला, दावा १९८८ मध्ये दिल्लीत. प्रतिवादी कंपनीने कैफियतीत दिल्लीचा अधिकार मान्य केला होता. सुमारे आठ वर्षांनी तिने कैफियत दुरुस्त करून हरकत घेतली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. ताबा आणि खरेदीखत मागणारा दावा मालमत्तेबाहेरच्या न्यायालयात चालूच शकत नाही, आणि संमतीने तो अधिकार येत नाही, असे ठरले. नंतरच्या काही निकालांत जमिनीच्या दाव्यालाही कलम २१ चा आधार दिलेला दिसतो. पण त्या भरवशावर ताब्याचा दावा सोयीच्या गावी लावणे हा जुगारच आहे.

विषयाचाच अधिकार नसेल तर?

ही चूक कधीच माफ होत नाही. त्याचे कामगार वादातील मोठे उदाहरण म्हणजे १९७५ चा प्रीमियर ऑटोमोबाइल्स खटला. ज्या कंपनीचा चिंचवडलाही कारखाना होता, तिच्या मुंबईतील कामगारांपैकी काहींनी प्रोत्साहन भत्त्याच्या नव्या कराराला नगर दिवाणी न्यायालयात आव्हान दिले. खालच्या न्यायालयांनी दावा चालवला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो हक्क औद्योगिक विवाद कायद्यानेच निर्माण केला, त्याची दादही त्याच कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे मागावी लागते. दिवाणी न्यायालयाला तिथे अधिकार नाही. कामगारांची बाजू खरी की खोटी, हा प्रश्नच मागे पडला.

शेतजमिनीत कुळाचा मुद्दा असाच आहे. ‘मी कूळ आहे’ असा वाद उभा राहिला की १९४८ च्या कुळ कायद्याच्या कलम ८५ आणि ८५-अ प्रमाणे दिवाणी न्यायालयाला तो ठरवता येत नाही. दावा फेटाळला जात नाही. तो थांबवून तेवढा मुद्दा मामलेदाराकडे पाठवावा लागतो. हा मुद्दा साक्षीपुरावा संपल्यावर निघाला तर दावा तिथेच अडकून पडतो.

लवकर हरकतीचाही गैरवापर

या राज्याने उलटी बाजूही पाहिली आहे. मुंबईत सरकारला आवश्यक नोटीस न देता दावे लावायचे, मनाई हुकूम मिळवायचा आणि अधिकाराची हरकत येताच दावा मागे घ्यायचा, अशी पद्धत पडली होती. ती रोखण्यासाठी महाराष्ट्राने संहितेत कलम ९-अ घातले. अंतरिम अर्जाच्या वेळी अधिकाराची हरकत आली की तो मुद्दा आधी निकाली काढणे बंधनकारक झाले. मग प्रतिवादी त्या मुद्द्यावर साक्षीपुरावा मागू लागले, अपिले होऊ लागली आणि मूळ दावा तसाच पडून राहू लागला. अखेर २०१८ मध्ये हे कलम रद्द झाले.

हरकत मान्य झाल्यावर

वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिले जाते. चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने आणि नेटाने घालवलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वजा मिळतो, मात्र सद्भावना सिद्ध करावी लागते. भरलेल्या कोर्ट फीचे श्रेयही मिळू शकते. साक्षीपुरावा मात्र सोबत जात नाही. नव्या न्यायालयात काम पहिल्यापासून सुरू होते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०२० मध्ये ईएक्सएल करिअर्स खटल्यात ठरवले. भोसरीच्या त्या प्रेस शॉपला डिलिव्हरी चलनावर सही करणारा चाकणचा स्टोअरकीपर पुन्हा शोधून साक्षीला उभा करावा लागेल. तोवर त्याने नोकरी बदललेली असण्याचीच शक्यता जास्त.