भिंतीला भोक, पण मालकाला विचारून

पुण्यात लिव्ह अँड लायसन्स करारावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये राउटर हॉलमध्ये आणि कामाचे टेबल आतल्या खोलीत असले, की मधल्या काँक्रीटमुळे वायफाय क्षीण होते आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. यावर खरा उपाय म्हणजे इथरनेट केबल. मात्र त्यासाठी मालकाची लेखी परवानगी हवी.

पत्रात नुसते ‘वायरिंग करू द्या’ म्हणून भागत नाही. भोक कुठे आणि केवढे, हे लिहावे.

कॅट-६ केबल साधारण ६ मिलिमीटर जाड असते, पण तिचा कनेक्टर त्याहून रुंद. म्हणून केबल आधी ओवून कनेक्टर नंतर बसवला, तर ८ मिलिमीटरचे भोक पुरते. ते विटांच्या भिंतीतच पाडू, बीम-कॉलमला हात लावणार नाही, विजेच्या वायरिंगपासून दूर राहू आणि घर सोडताना भोक बुजवून रंग देऊ, एवढे लिहिले की मालकाला नेमका निर्णय घेता येतो.