ताईंकडे सुई नसते

पाच वर्षांच्या मुलाला समुपदेशकाकडे पहिल्यांदा न्यायचं असेल, तर एक-दोन दिवस आधी त्याला गोष्ट सांगावी. मुलाची पहिली भीती बहुधा इंजेक्शनची असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

“मिनूला रात्री भीती वाटायची, पोटात दुखायचं. आई म्हणाली, ‘उद्या आपण एका ताईंकडे जाऊ. त्या सुई टोचत नाहीत.’ ताईंच्या खोलीत बाहुल्या होत्या, रंग होते. मिनू आईच्या ओढणीमागे लपली. ताई म्हणाल्या, ‘बोलायचं नसेल तर नको बोलूस.’ मग मिनूने काळा राक्षस काढला. ‘हा कुठे राहतो गं?’ ‘कपाटात.’ आई शेजारीच बसली होती. निघताना ताई म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी आणखी चित्रं काढू.’”

राक्षस पळून जात नाही, हे मुद्दाम. एका भेटीत भीती जाईल असं सांगितलं आणि ती गेली नाही, तर मुलाचा गोष्टीवरचा विश्वास उडतो. ‘तिथे शहाण्यासारखं वाग’ हेही नको. ती जागा शिक्षेची वाटू लागते. आई आत बसणार की बाहेर, हे मात्र ताईंना आधी विचारूनच गोष्टीत घालावं. मूल ‘तू कुठे असशील?’ असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर तेवढाच भाग परत सांगावा.