आधी किलोमीटर मोजा, मग इंधन निवडा

एकाच मॉडेलची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा ९६ हजारांनी महाग आहे, असे धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि शहरात मायलेज साडेसतरा असेल, तर किलोमीटरला ६ रुपये पडतात. सीएनजी ९० रुपये किलो आणि मायलेज २५ असेल, तर ३ रुपये ६० पैसे. किलोमीटरमागे २ रुपये ४० पैसे वाचले, की जादा किंमत ४० हजार किलोमीटरला वसूल होते.

वर्षाला ८ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी पाच वर्षे लागतील. त्याने पेट्रोलच घ्यावी. वीस हजार चालवणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत सुटतात. मात्र सिलिंडरमुळे डिकीतली जागा जाते आणि पंपावर रांगही असते.

डिझेलचा हिशेब केवळ अंतरावर ठरत नाही. बीएस-६ गाडीतील काजळी अडवणारा फिल्टर सलग, वेगात चालवल्यावरच जळून साफ होतो. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी फिरली, तर तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. म्हणून डिझेल घ्यावी ती नियमित हायवेवर लांब पल्ला गाठणाऱ्यांनी.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरील दोन नोंदींमधले अंतर काढा. अंदाजापेक्षा तो आकडा खरा.