साइन-कोसाइनच्या वक्रांवरून कोसेकंट-सेकंटचे आलेख

सेकंट हा कोसाइनचा गुणाकार व्यस्त आहे आणि कोसेकंट हा साइनचा; म्हणजे sec x = १/cos x आणि cosec x = १/sin x. या नात्यामुळे त्यांच्या आलेखांसाठी किमतींचा लांबलचक तक्ता करावा लागत नाही. कोसाइनचा वक्र कागदावर असला, की त्याची उंची पाहून सेकंटची उंची सांगता येते. कोसाइन १ असतो तिथे सेकंटही १ असतो. कोसाइन अर्ध्यावर उतरला, की सेकंट २ वर चढतो. व्यस्त घेतल्याने चिन्ह बदलत नाही, म्हणून कोसाइनचा वक्र X-अक्षाच्या ज्या बाजूला असेल त्याच बाजूला सेकंटचाही असतो.

कोसाइनचा वक्र X-अक्षाला छेदतो तिथे मात्र अडचण येते. ९०° ला कोसाइन शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे सेकंटला किंमतच नाही. पण त्या कोनाच्या जवळ काय घडते ते पाहण्यासारखे आहे. ८०° ला सेकंट सुमारे ५.७६ असतो, ८५° ला ११.४७ आणि ८९° ला ५७.३. ९०° ओलांडून ९१° ला गेल्यावर तो −५७.३ होतो, कारण तिथे कोसाइन तितकाच लहान, पण ऋण असतो. म्हणजे x = ९०° या उभ्या रेषेच्या डावीकडे वक्र अमर्याद वर जातो आणि उजवीकडे अमर्याद खोलातून वर येतो. वक्र या रेषेच्या हवा तितका जवळ जातो, पण तिला कधीच गाठत नाही. अशा रेषेला अनंतस्पर्शी रेषा म्हणतात. ती आलेखाचा भाग नसल्यामुळे तुटक काढतात.

sec x चा आलेख काढताना आधी पेन्सिलीने कोसाइनचा वक्र हलका काढावा. तो X-अक्षाला जिथे छेदतो त्या प्रत्येक बिंदूतून, म्हणजे ९०°, २७०°, ४५०° अशा ठिकाणी, उभी तुटक रेषा ओढावी. मग कोसाइनचे शिखरबिंदू आणि तळबिंदू ठळक करावेत, कारण तिथे दोन्ही वक्र एकमेकांना स्पर्श करतात. शिखरापासून दोन्ही बाजूंना वर वळणारी आणि तळापासून दोन्ही बाजूंना खाली वळणारी शाखा काढली, की आलेख पूर्ण होतो. १ आणि −१ यांच्या मधल्या पट्ट्यात सेकंटचा एकही बिंदू येत नाही.

कोसेकंटसाठी हीच कृती साइनच्या वक्रावर करायची. साइन ०°, १८०°, ३६०° ला शून्य होतो, म्हणून अनंतस्पर्शी रेषा तिथे येतात. Y-अक्ष हीसुद्धा त्यांपैकी एक. शाखा ९०° ला १ वर आणि २७०° ला −१ वर साइनला स्पर्श करतात. सेकंटचा आलेख ९०° उजवीकडे सरकवला, की कोसेकंटचा आलेख मिळतो.

आता y = ३ sec (२x − ६०°) हे उदाहरण घेऊ. आधार म्हणून y = ३ cos (२x − ६०°) हा वक्र काढायचा. कंसातील राशी शून्य होते तेव्हा x = ३०°; तिथे ३ उंचीचे शिखर येते. x च्या आधी २ असल्यामुळे आवर्तन ३६०° ऐवजी १८०° मध्ये पूर्ण होते आणि त्याचा चौथा भाग ४५° असतो. म्हणून वक्र ७५° ला अक्ष छेदतो, १२०° ला −३ या तळाशी पोहोचतो, १६५° ला पुन्हा अक्ष छेदतो आणि २१०° ला शिखरावर येतो. अनंतस्पर्शी रेषा x = ७५° आणि x = १६५° या ठिकाणी येतात. त्यांच्या मधली शाखा −३ पासून खाली जाते, तर ३०° आणि २१०° जवळच्या शाखा ३ पासून वर जातात.

पडताळ्यासाठी x = ६०° घ्यावा. कंसातील कोनही ६०° होतो, त्याचा कोसाइन ०.५ आणि सेकंट २, म्हणून y = ६. आधाराचा वक्र मात्र तिथे १.५ वर असतो. १.५ चा व्यस्त सुमारे ०.६७ आहे, ६ नव्हे. आधी व्यस्त घेऊन मगच ३ ने गुणायचे असते. आधाराच्या उंचीचा थेट व्यस्त घेतला, तर आलेख चुकतो.

आलेख वर सरकलेला असेल तेव्हाही सावध राहावे लागते. y = १ + ३ sec (२x − ६०°) साठी आधाराचा वक्रही १ ने वर न्यावा. अनंतस्पर्शी रेषा मग त्याने X-अक्ष छेदला तिथे नव्हे, तर y = १ ही मध्यरेषा छेदली तिथे काढाव्यात; त्या पूर्वीच्याच ७५° आणि १६५° वर राहतात.

शाखांचा आकार दिसायला पॅराबोलासारखा असला, तरी पॅराबोला बाजूंना पसरतच जातो, तर सेकंटची शाखा दोन तुटक रेषांच्या मध्येच राहते. शाखेने तुटक रेषा ओलांडली, किंवा वरची शाखा खालच्या शाखेला उभ्या रेघेने जोडली गेली, तर आलेख चुकला आहे. संगणकावर काढलेल्या आलेखात कधीकधी अशी उभी रेघ दिसते, कारण तो लागोपाठचे बिंदू सरळ जोडत जातो. ती आलेखाचा भाग नसते.