पर्यायांचे गणित : लेखांक ७ – चढ-उताराचे आकडे येतात कुठून?

मागच्या लेखात बायनॉमियल झाड काढताना भाव दहा टक्के चढेल किंवा दहा टक्के उतरेल, असे आपण गृहीत धरले होते. प्रत्यक्षात हे आकडे मनाने ठरवत नाहीत. ते शेअरच्या वार्षिक व्होलॅटिलिटीतून काढायचे असतात. १९७९ साली कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी मांडलेली रीत आजही सर्वाधिक वापरात आहे:

```
u = exp(σ·√Δt)
d = 1/u
p = (exp(r·Δt) − d)/(u − d)
```

σ ही वार्षिक व्होलॅटिलिटी, Δt म्हणजे वर्षात मोजलेली एक पायरी आणि r हा व्याजदर. r फक्त p मध्ये येतो. चढ-उताराचे माप त्याच्यावर ठरत नाही.

१००० रुपयांचा शेअर घ्या. व्होलॅटिलिटी २० टक्के, व्याज ६ टक्के, मुदत तीन महिने, पायरी महिन्याची. Δt झाला १/१२, त्याचे वर्गमूळ ०.२८८७. त्याला ०.२० ने गुणले की ०.०५७७. म्हणून u १.०५९४ आणि d ०.९४३९: पहिल्या महिनाअखेर भाव १०५९ किंवा ९४४. p येतो ०.५२९. १००० च्या स्ट्राइकचा युरोपियन कॉल या तीन पायऱ्यांच्या झाडावर सुमारे ५१ रुपयांचा ठरतो.

नवखा माणूस चुकतो तो वर्गमूळापाशी. वर्षाला २० टक्के, मग महिन्याला त्याचा बारावा हिस्सा, असा सरळ भागाकार तो करतो. पण महिन्यामहिन्याचे चढ-उतार एकमेकांवर अवलंबून नसले, तर बेरीज होते ती विचरणाची, म्हणजे σ² ची. म्हणून विचरणाला बाराने भागायचे आणि σ ला √१२ ने.

ही चूक मोठी फसवी आहे. सरळ भागाकाराने u १.०१६८ येतो, p ०.६४६. शक्यता शून्य आणि एकच्या मधे, झाड नीट जुळलेले, कुठे काही खटकत नाही. फक्त तोच कॉल २१ रुपयांना पडतो. ताळा मात्र सोपा आहे: u चा नैसर्गिक लॉग घ्या आणि वर्षातल्या पायऱ्यांच्या वर्गमूळाने गुणा. बरोबर झाडात २० टक्के परत मिळतात, चुकलेल्यात जेमतेम ५.८. कोणाचेही झाड हातात आले, की मी आधी एवढेच तपासावे असे सांगेन.

रोजची पायरी घेतली तर वर्षाचे दिवस व्यवहाराचेच, म्हणजे साधारण २५०, धरावेत. σ व्यवहाराच्या दिवसांवर काढलेली आणि Δt मात्र १/३६५, अशी सरमिसळ केली तर तोच ताळा बिघडतो.

सूत्र बरोबर असूनही एका ठिकाणी झाड मोडते. व्होलॅटिलिटी ५ टक्के, व्याज ६ टक्के आणि पायरी अख्ख्या वर्षाची असेल, तर u १.०५१ आणि बिनजोखमीची वाढ १.०६२. वरची फांदीसुद्धा ठेवीपेक्षा कमी देते आणि p एकच्या वर जातो. σ ही r·√Δt पेक्षा मोठी असलीच पाहिजे. इथे पायरी महिन्याची केली, की u १.०१४५ होतो, महिन्याची वाढ १.००५ राहते आणि p पुन्हा जागेवर येतो.